तीन लाख येन आणि पंचेचाळीस तास

*नमस्कार ताई, मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, जपानीची एन-थ्री झाली आहे. टोकियोतल्या दोन जाहिराती समोर आहेत. पहिली: `正社員`, `月給 300,000円(45時間分の固定残業代を含む)`, `週休2日制、年間休日110日`, एका दिवसाला आठ तास. दुसरी: `契約社員`, `月給 256,000円(残業代別途支給)`, `完全週休2日制(土日祝)、年間休日125日`, आठच तास, `契約期間1年(更新あり)`. पहिलीत पगारही जास्त आणि नोकरीही पर्मनंट, म्हणून बाबा म्हणतात विचार कसला करतेस. पण त्या पंचेचाळीस तासांनी माझी झोप उडवली आहे. तेवढा ओव्हरटाइम दर महिन्याला करावाच लागतो का? आणि एक वर्षाच्या करारावर व्हिसा तरी मिळतो का?*
*— एक वाचक, पुणे*

तुमच्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, तीन लाख हा पगार दोन लाख छप्पन हजारांपेक्षा जास्त आहे. दोन, `正社員` म्हणजे पक्की नोकरी आणि `契約社員` म्हणजे कच्ची. दोन्ही अगदीच चुकीच्या आहेत असं नाही, पण जाहिरातीतल्या शब्दांवरून दोन्ही सिद्धही होत नाहीत. आधी पगाराचं पाहू, कारण तिथे हिशेबाने उत्तर मिळतं.

`固定残業代`, उच्चार कोतेइ झांग्योदाइ, म्हणजे ठरावीक तासांच्या ओव्हरटाइमचे पैसे आधीच पगारात मिळवून ठेवणं. काही जाहिरातींत यालाच `みなし残業` म्हणतात. पंचेचाळीस तास काम करावंच लागेल असा त्याचा अर्थ नाही. महिन्यात दहाच तास जादा काम झालं तरी ते पैसे पूर्ण मिळतात, आणि पंचेचाळीसच्या वर गेलं तर वरच्या तासांचे पैसे कंपनीने वेगळे द्यायचे असतात. ही पद्धत बेकायदेशीर नाही, आणि ती दिसली की जाहिरात फसवी असंही समजू नका. बाधते ती एवढ्याचसाठी की आकडा फुगलेला दिसतो आणि शेजारच्या जाहिरातीशी त्याची तुलना होत नाही.

नियमाप्रमाणे अशा जाहिरातीत तीन गोष्टी दिसायला हव्यात: हे पैसे वगळून मूळ पगार किती, किती तासांसाठी किती येन धरले आहेत, आणि वरच्या तासांचे पैसे वेगळे मिळतील हे वाक्य. तुमच्या पहिल्या जाहिरातीत फक्त तास आहेत, रक्कम नाही आणि `超過分は別途支給` हे शब्दही नाहीत. म्हणजे ती अर्धवट आहे. एकदा विसरलं असं होऊ शकतं, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या पदांच्या जाहिराती उघडून पाहा. सगळीकडे रक्कम लपलेली असेल तर तो विसर नव्हे.

रक्कम दिली नसली तरी साधारण काढता येते. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ११० सुट्ट्या वजा, राहिले कामाचे २५५ दिवस. गुणिले आठ तास, भागिले बारा महिने: महिन्याला सरासरी १७० तास. आठ तासांच्या वरच्या कामाला कायद्याने किमान सव्वापट दर द्यावा लागतो, म्हणून ४५ तासांचे पैसे म्हणजे साध्या दराने ५६.२५ तासांचे पैसे. दोन्ही मिळून २२६.२५ तास. तीन लाखाला त्याने भागा, तासाचा दर येतो साधारण १,३२६ येन. म्हणजे मूळ पगार, `基本給`, सुमारे २,२५,४०० येन, आणि उरलेले ७४,६०० ओव्हरटाइमचे. (प्रवासभत्ता किंवा घरभाडं त्या तीन लाखांतच धरलं असेल तर मूळ पगार आणखी खाली जातो, म्हणून भत्त्यांची ओळही वाचायची.)

आता दुसरी. तिथे `残業代別途支給`, म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे पगाराशिवाय वेगळे. ३६५ वजा १२५, म्हणजे २४० दिवस. महिन्याला १६० तास. २,५६,००० भागिले १६० म्हणजे तासाला बरोबर १,६०० येन. जादा कामाचा दर २,०००. दिसायला लहान असलेल्या पगाराच्या आत मूळ पगार तीस हजारांनी मोठा आहे. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे. पहिली नोकरी त्याच्या जेमतेम शंभर येन वर उभी आहे. अनुभव असलेल्या टेस्टरसाठी हे कमीच म्हणायचं.

मूळ पगाराला एवढं महत्त्व का, तर बोनस बहुतेक ठिकाणी त्याच्या पटीत मोजतात. `賞与 年2回(基本給の2ヶ月分)` असं लिहिलं असेल तर ते दोन महिने तीन लाखांचे नव्हेत, सव्वादोन लाखांचे. करारावरच्या लोकांना मात्र बोनस बऱ्याचदा नसतोच, तेव्हा दुसऱ्या जाहिरातीत `賞与` ही ओळ आहे का हे वेगळं पाहा. पहिलीत दोन महिन्यांचा बोनस खरोखर मिळत असेल आणि दुसरीत शून्य असेल तर वर्षाला साडेचार लाखांचा फरक पडतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग घ्यायची कोणती? ते प्रत्यक्ष ओव्हरटाइमवर ठरतं. महिन्याला २२ तास जादा काम झालं तर दुसऱ्या नोकरीतले ४४,००० येन मिळून बरोबर तीन लाख होतात. त्याहून कमी ओव्हरटाइम असेल तर पहिलीत जास्त पैसे, त्याहून जास्त असेल तर दुसरीत. पूर्ण पंचेचाळीस तास झाले तर पहिलीत तीन लाखच राहतात, दुसरीत तीन लाख शेहेचाळीस हजार होतात. त्यातही पहिलीत २१५ तास राबायचं आणि दुसरीत २०५. म्हणून कंपनीला विचारायचा खरा प्रश्न पगाराचा नाहीच. गेल्या वर्षी त्या विभागात महिन्याला सरासरी किती तास ओव्हरटाइम झाला, हा आहे.

पंचेचाळीस हा आकडा कुठून आला तेही सांगते, म्हणजे झोप थोडी परत येईल. जपानमध्ये जादा काम करवून घ्यायला कंपनीला कामगारांशी लेखी करार करावा लागतो. कायद्याच्या कलमावरून त्याला `36協定`, साबुरोकु क्योओतेइ म्हणतात. त्याची साधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास. कंपन्या म्हणूनच ४५ लिहितात, तेवढं धरलं की बहुतेक महिने झाकले जातात. पण ४५ गुणिले बारा म्हणजे ५४०, आणि ते ३६० मध्ये बसत नाही. महिन्याची मर्यादा ओलांडायची तर करारात वेगळं विशेष कलम लागतं, तेही वर्षातल्या सहाच महिन्यांपुरतं. थोडक्यात, विशेष कलमाशिवाय दर महिन्याला नेमाने पंचेचाळीस ही नियमात बसणारी सवय नाही. जाहिरातीत ६० किंवा ८० तासांचं `固定残業代` दिसलं तर मात्र ती जाहिरात बाजूला ठेवा. तिथे कामाचा डोंगर गृहीतच धरलेला असतो.

आता सुट्ट्यांची ओळ. तुमच्या दोन जाहिरातींत एकाच शब्दाचा फरक आहे: `完全`, कानझेन, म्हणजे पूर्ण. भारतातून वाचताना तो नजरेतून सहज निसटतो. `完全週休2日制` म्हणजे दर आठवड्याला दोन दिवस सुट्टी. नुसतं `週休2日制` म्हणजे महिन्यात निदान एका आठवड्यात दोन दिवस, बाकीच्या आठवड्यांत एकच असू शकतो. दोन्ही शब्दांत ‘दोन दिवस’ आहे, पण पहिल्या कंपनीला शनिवारी बोलावण्याची मोकळीक आहे. `完全` असलं तरी ते दोन दिवस शनिवार-रविवारच असतील असं नाही. त्यासाठी कंसात `土日` हवं, आणि सरकारी सुट्ट्याही हव्या असतील तर `土日祝`. तुमच्या दुसऱ्या जाहिरातीत ते आहे.

शब्दांवर विश्वास बसत नसेल तर `年間休日` चा आकडा तपासा. वर्षातले शनिवार-रविवार मिळून साधारण १०४ दिवस, जपानच्या सरकारी सुट्ट्या १६, म्हणजे १२०. त्यात नववर्षाचे किंवा ओबोनचे तीन-चार दिवस धरले की १२३ ते १२५ होतात. तुमची दुसरी जाहिरात तिथे आहे. ११० म्हणजे शनिवार-रविवार जवळजवळ मिळतील, पण सरकारी सुट्ट्यांतल्या बहुतेक दिवशी कामावर जावं लागेल, किंवा काही शनिवार जातील. १०५ हा तळ समजा, कारण दिवसाला आठ तास आणि आठवड्याला चाळीस तास या कायद्याच्या मर्यादेत वर्षभर बसायचं तर त्याहून कमी सुट्ट्या चालतच नाहीत. पगारी रजा, `有給休暇`, या आकड्यात धरायची नसते. ती सहा महिने झाल्यावर वेगळी दहा दिवस मिळते. दोन नोकऱ्यांत पंधरा दिवसांचा फरक म्हणजे कामाचे तीन आठवडे, आणि वर केलेल्या तासाच्या हिशेबात तो आधीच आलेला आहे.

राहिला ‘पर्मनंट’चा मुद्दा, ज्यावर बाबांचा भर आहे. त्यांची काळजी बरोबर आहे, पण जपानच्या कायद्यात `正社員` या शब्दाची व्याख्याच नाही. कायद्याला कळतं ते एवढंच: कराराला मुदत आहे की नाही. म्हणून पगारानंतर शोधायची ती ओळ `雇用期間の定めなし`. ती असली की मुदत नाही. मग कामाची जागा पाहा. `勤務地` समोर `プロジェクト先` किंवा `客先` असं लिहिलं असेल तर तुम्ही नोकरीला एका कंपनीत आणि रोज बसायला तिच्या ग्राहकाच्या ऑफिसात. सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत फार मोठी आहे, तिला `SES` म्हणतात. त्यात वाईट काही नाही, पण एक काम संपून दुसरं मिळेपर्यंतच्या दिवसांत पगार पूर्ण मिळतो की कमी होतो हे विचारावं लागतं. कंपनीमुळे काम थांबलं तर सरासरी वेतनाच्या किमान ६० टक्के द्यावेच लागतात. पूर्ण द्यायचे की नाही हे मात्र कंपनीच्या नियमावर आहे.

एप्रिल २०२४ पासून जाहिरातीत आणखी एक ओळ सक्तीची झाली आहे: `変更の範囲`. काम आणि जागा पुढे कुठपर्यंत बदलू शकते ते तिथे असतं. `会社の定める業務`, म्हणजे कंपनी ठरवेल ते काम, असं लिहिलं असेल तर टेस्टिंगसाठी घेऊन उद्या तुम्हाला हेल्पडेस्कवर बसवता येतं. पर्मनंट नोकऱ्यांत हे शब्द जास्त सापडतात.

करारावरच्या नोकरीत तोच अर्थ वेगळ्या ओळीतून वाचायचा. `更新あり` म्हणजे नूतनीकरण होऊ शकतं. होईलच असं वचन नाही. एप्रिल २०२४ पासूनच नूतनीकरण कशावर ठरणार आणि कमाल किती वर्षं हेही लिहावं लागतं. ती मर्यादा `更新上限` या शब्दाने दिसते. इथे पाचचा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहा. त्याच कंपनीत एकामागून एक केलेल्या करारांची एकूण मुदत पाच वर्षांच्या वर गेली की कामगाराने मागितल्यावर करार बिनमुदतीचा करावा लागतो, हा नियम एप्रिल २०१३ पासून आहे. `通算5年` अशी मर्यादा जाहिरातीत असेल तर कंपनी त्या हक्काच्या एक पाऊल आधी थांबणार आहे. `更新上限なし` असेल तर दार उघडं आहे. `正社員登用あり`, म्हणजे पुढे पर्मनंट करून घेण्याची सोय आहे, हे शब्द नुसते असतील तर त्यांना फार किंमत देऊ नका. सोबत किती जणांना घेतलं तो आकडा, `登用実績`, असेल तर द्या.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: मुदतीच्या मध्येच काढून टाकणं करारावरच्या माणसाच्या बाबतीत कंपनीला जास्त कठीण आहे, त्याला टाळता न येणारं कारण लागतं. अडचण मुदत संपताना येते. तसंच तुम्हीही वर्षाच्या आत मनात येईल तेव्हा सोडू शकत नाही, तर मुदत नसलेल्या नोकरीत साधारण दोन आठवड्यांची आगाऊ सूचना कायद्याला पुरते.

व्हिसाबद्दल धीर देता येईल. तुमच्या कामासाठी लागणारा `技術・人文知識・国際業務` हा दर्जा करारावरच्या नोकरीवरही मिळतो. पाहिलं जातं ते काम तुमच्या पदवीशी किंवा अनुभवाशी जुळतं का, पगार त्याच कामाच्या जपानी माणसाइतका आहे का, आणि नोकरी चालू राहण्यासारखी आहे का. मुदत एक, तीन किंवा पाच वर्षांची मिळू शकते, आणि एक वर्षाच्या करारावर पहिल्यांदा एक वर्ष मिळालं तर दचकू नका. `業務委託`, ग्योमु इताकु, असं लिहिलेली जाहिरात मात्र या यादीत धरूच नका. ती नोकरी नाही, कामाचं कंत्राट आहे. ओव्हरटाइमचे नियम, कंपनीचा आरोग्य विमा, पगारी रजा, यातलं काही लागू होत नाही, म्हणूनच तिथले आकडे मोठे दिसतात.

तुमच्यासारखंच शोधणाऱ्या इतरांसाठी पगाराच्या आणखी दोन शब्दांबद्दल. `想定年収` म्हणजे अंदाजे वार्षिक उत्पन्न, आणि त्यात बोनस, कधी ओव्हरटाइमही मिळवलेला असतो. `年俸420万円(1/14を毎月支給)` अशी ओळ आली तर ४२० ला बारानी भागू नका. महिन्याला चौदावा हिस्सा, म्हणजे तीन लाख मिळतात, आणि उरलेले दोन हिस्से बोनसच्या नावाखाली. `月給28万円~45万円` मधला तुम्ही धरून चालायचा आकडा २८ आहे.

आणि जाहिरातीतला आकडा कधीच हातात पडत नाही. तीन लाखांतून निवृत्तिवेतनाचे २७,४५० जातात, आरोग्य विम्याचे साधारण पंधरा हजार, वर बेरोजगारी विमा आणि आयकर. एकट्या माणसाला सुरुवातीला अडीच लाखांच्या जरा आत मिळतात. पुढे आदल्या वर्षीच्या जपानमधल्या कमाईवर नगरपालिकेचा कर, `住民税`, जून महिन्यापासून सुरू होतो आणि हातातली रक्कम आणखी दहा-बारा हजारांनी घटते. घरभाडं ठरवताना हाच आकडा धरा.

आता करायचं काय. दोन्ही जाहिरातींचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, पद भरलं की पान गायब होतं. मग सरकारी रोजगार केंद्राच्या हॅलो वर्क या साइटवर त्याच कंपन्यांची नावं टाकून पाहा. तिथल्या ठरावीक तक्त्यात `基本給(a)`, `定額的に支払われる手当(b)` आणि `固定残業代(c)` अशा वेगळ्या रकान्यांत पगार फोडून द्यावा लागतो, आणि महिन्याच्या सरासरी ओव्हरटाइमचाही रकाना असतो. पद तेच नसलं तरी कंपनीची सवय कळते. सापडलं नाही तर पहिल्या कंपनीला सरळ लिहा:

```
固定残業代を除いた基本給と、
配属予定部署の直近1年間の月平均残業時間を
ご教示いただけますでしょうか。
```

कोतेइ झांग्योदाइ वगळून मूळ पगार किती, आणि ज्या विभागात नेमणार तिथे गेल्या वर्षभरात महिन्याची सरासरी किती तासांची, एवढंच यात विचारलं आहे. जपानमध्ये हा प्रश्न उद्धट समजला जात नाही. आकडा आला आणि तो दहा-पंधरा तासांचा असेल, शिवाय मुदत नाही आणि बोनस आहे हे लेखी असेल, तर बाबांचं म्हणणं मान्य करा. पहिली नोकरी तुमच्यासाठी बरी, फक्त सरकारी सुट्ट्या सोडायची तयारी ठेवा. ‘प्रोजेक्टवर अवलंबून आहे’ एवढंच उत्तर आलं तर तीस-चाळीस तास धरून हिशेब करा, आणि मग माझं मत दुसरीकडे झुकतं, मात्र तिथे `更新上限` नाही याची खात्री झाल्यावर. दुसरीला त्याच मेलमध्ये `更新上限の有無` आणि `賞与の有無` विचारा.

निवड झाल्यावर `労働条件通知書`, रोओदोओ जोओकेन त्सूचिशो, मागून घ्या. कामाच्या अटी लेखी देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि अटी जाहिरातीपेक्षा बदलल्या असतील तर करार करण्याआधी तो बदल दाखवावा लागतो. सुरुवातीच्या `試用期間` मध्ये, म्हणजे बहुधा तीन ते सहा महिने, पगार किंवा करार वेगळा आहे का, तेही याच कागदावर असतं. स्क्रीनशॉट शेजारी ठेवून मूळ पगार, तास, सुट्ट्या आणि मुदत या चार ओळी ताडून पाहा, आणि पुण्यातल्या ऑफिसात राजीनामा त्यानंतरच द्या.